रात्रीचं अंगावरचं दूध सोडवताना: आधी थोपटणं रुजवा, मग दूध कमी करा

प्रश्न: मुलगा १९ महिन्यांचा आहे. दिवसा सगळं खातो, पण रात्री चार-पाच वेळा उठतो आणि अंगावर प्यायल्याशिवाय झोपतच नाही. मी नोकरी करते, दिवसा सासूबाई सांभाळतात. सगळे म्हणतात कडुनिंब लाव, नाहीतर चार दिवस एकटी माहेरी जा, आपोआप सुटेल. मला दिवसाचं बंद करायचं नाही, फक्त रात्रीचं करायचं आहे. तो खूप रडेल याची भीती वाटते. हळूहळू कसं करू? आणि दूध न देता त्याला शांत कसं करायचं?

उत्तर:

कडुनिंब राहू द्या, आणि माहेरी जायचं असेल तर मुलाला घेऊन जा. मी १८ वर्षं स्तनपान सल्लागार म्हणून काम करते आहे. कडुनिंब, कारलं, कोरफडीचा गर, 'आईला बाऊ झालाय' म्हणून लावलेली पट्टी, हे सगळे उपाय करून थकलेल्या आया माझ्याकडे येत असतात. काही मुलं या उपायांनी दोन रात्रींत सोडतात, नाही असं नाही. पण तुम्हाला दिवसाचं दूध चालू ठेवायचं आहे. रात्री कडू आणि दिवसा गोड, हे १९ महिन्यांच्या मुलाला कोणत्याच शब्दांत समजावता येत नाही. आणि 'बाऊ' म्हटलं की मूल दिवसभर तुमच्या छातीकडे काळजीनं बघत बसतं. एकटीनं माहेरी गेलात तर दूध आणि आई दोन्ही एकाच रात्री जातात, म्हणजे ज्या वेळी त्याला धीर द्यायचा त्याच वेळी धीर देणारं माणूस घरात नसतं. शिवाय चार-पाच वेळा पाजणारी आई एकदम थांबली की छाती दगडासारखी होते, त्याचा त्रास वेगळाच.

तुमच्या मुलाला रात्री बहुतेक भूक लागत नसणार. ते तुम्ही आज रात्रीच पडल्या पडल्या तपासू शकता. तो प्यायला लागला की घोट गिळल्याचा आवाज ऐका. सुरुवातीला चोखणं लांब, संथ असतं आणि प्रत्येक एक-दोन चोखण्यांनंतर घशात 'क्' असा हलका आवाज येतो. मग तो आवाज थांबतो आणि उरते ती ओठांची बारीक थरथर, हनुवटी जेमतेम हलते. चार-पाच वेळांपैकी बहुतेक वेळा गिळणं मिनिटभरात संपून नुसती थरथर चालू राहत असेल, तर तो दूध पीत नाहीये, झोप शोधतोय. झोपेची आवर्तनं असतात, दर तास-दीड तासानं सगळ्यांचीच झोप उथळ होते, आपलीही. आपण कूस बदलून पुन्हा झोपतो. तुमच्या मुलाला पुन्हा झोपायची एकच वाट माहीत आहे, ती म्हणजे तोंडात दूध.

यात नोकरी करणाऱ्या आयांची एक वेगळी गोष्ट आहे, ती बऱ्याचदा कुणी सांगत नाही. आई दिवसभर नसते, म्हणून मूल दिवसाचं पिणं आणि दिवसाची जवळीक रात्रीवर ढकलतं. दिवसा आजीकडे ते छान खातं-खेळतं, आणि रात्री आईला सोडत नाही. अशा मुलाचं रात्रीचं नुसतं काढून घेतलं तर ते आपला वाटा मागायचं थांबत नाही, जास्त मागतं. म्हणून पहिला बदल संध्याकाळी करायचा आहे. कामावरून आलात की हातपाय धुवा, आणि स्वयंपाकाला लागायच्या आधी वीस मिनिटं फक्त त्याला घेऊन बसा. फोन दुसऱ्या खोलीत. तो पिईल, थोडं खेळेल, पुन्हा पिईल. पोटभर पिऊ द्या. हे रोज व्हायला हवं, पुढच्या सगळ्याचा पाया तोच आहे.

पुढे जायच्या आधी डॉक्टरांकडे एक चक्कर मारा. मी हे प्रत्येकीला सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये सुमारे ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली होती, म्हणजे तुमच्या मुलाला तो असणं मुळीच दुर्मीळ नाही. लोह कमी असलेली मुलं रात्री फार चुळबुळतात, पाय झाडतात, वारंवार उठतात. तेव्हा हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासून घ्या. या वयात हिमोग्लोबिन साधारण साडेदहा ते ११ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय धरतात. तोंड उघडं ठेवून, घोरत झोपतो का तेही डॉक्टरांना सांगा. आणि हिरड्यांवरून बोट फिरवून बघा. साधारण १६ ते २२ महिन्यांत सुळे येतात, त्या आठवड्यात काहीच सुरू करू नका. तसंच ताप, कान दुखणं, नवी बाई, नवं घर, प्रवास, लग्नाची धावपळ, यांच्या आसपासही नको. सलग पाच आठवडे बरे दिसतील असा काळ निवडा.

आता मूळ गोष्ट. बहुतेक घरी दूध आधी बंद करतात आणि मग रडणाऱ्या मुलाला थोपटायला लागतात. त्या क्षणी त्याला थोपटणं म्हणजे 'दूध मिळणार नाही' याची खूण वाटते, आणि तो हात झिडकारतो. मग आई म्हणते, 'थोपटून पाहिलं, याला चालत नाही.' चालेल कसं, त्या हाताची त्याला ओळखच नाही. म्हणून क्रम उलटा करायचा. पहिले दहा दिवस एक थेंबही कमी करायचा नाही. फक्त भर घालायची. प्रत्येक वेळी पाजताना, रात्रीच्या सगळ्या वेळांना, त्याच तीन गोष्टी सोबत करा: एकाच जागी एकाच लयीत थोपटणं, एकच अंगाई किंवा नुसतं गुणगुणणं, आणि त्याच्या हातात एक ठरलेली मऊ वस्तू.

यात बारकावे आहेत. थोपटणं पाठीवर किंवा कुशीवर, तळहात जरा पोकळ ठेवून, आपल्या शांत श्वासाच्या लयीत. झोप लागत आली की लय आणखी संथ करायची आणि शेवटी हात तसाच ठेवून द्यायचा. अंगाई कोणतीही चालेल, पण घरातल्या सगळ्यांना येणारी असू द्या, कारण पुढे ती बाबांनाही म्हणायची आहे. मऊ वस्तू म्हणून जुन्या सुती साडीच्या गोधडीचा रुमालाएवढा तुकडा उत्तम. तो एक रात्र तुमच्या उशाशी ठेवा म्हणजे त्याला तुमचा वास लागेल.

आणि त्याचा मोकळा हात बघा. पिताना बहुतेक मुलांचा एक हात कुठेतरी असतो: गाऊनच्या गळ्यात, दुसऱ्या बाजूला चिमटे काढत, किंवा आईच्या मानेवर. तो हात म्हणजे अर्धी झोप आहे. आता गळ्यात जाणारा हात अलगद काढून तुमच्या कोपराच्या मऊ जागेवर किंवा कानाच्या पाळीवर ठेवायला सुरुवात करा. चार-पाच दिवसांत त्याला ती जागा आवडायला लागते. पुढे दूध बंद झाल्यावर ही कानाची पाळी तुमच्या फार कामाला येते. याच दिवसांत चेनचा गाऊन बाजूला ठेवून बंद गळ्याचा कुर्ता घालायला लागा, म्हणजे तुमच्या झोपेत तो स्वतःच्या हातानं घेणार नाही. अजून मागितलं की द्यायचंच आहे, फक्त ते तुम्ही देता, तो घेत नाही.

दहा दिवसांनंतर झोपायच्या वेळचा क्रम बदला. आत्ता बहुधा जेवण, मग अंथरूण, मग पिता पिता झोप असं असेल. त्याऐवजी आठच्या सुमाराला जेवण, मग पोटभर पाजणं, मग दात घासणं, मग पुस्तक किंवा गप्पा, मग दिवा बंद, थोपटणं, अंगाई. दूध आणि झोप यांच्यामध्ये पंधरा मिनिटांचं अंतर पडायला हवं, तेही झोपायच्या खोलीबाहेर पाजून. तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावून दात घासून झाले की 'आता दूध सकाळी' हे तोंडालाच कळतं. पहिले दोन-तीन दिवस तो अंथरुणात पुन्हा मागेल. तेव्हा थोडं द्या, पण ती थरथर सुरू झाली की डोळे मिटायच्या आधी काढून घ्या. ओढून नाही. करंगळी त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवा, हवा शिरली की पकड सुटते. लगेच हनुवटीखाली दोन बोटांनी हलका आधार द्या, म्हणजे तोंड मिटून राहतं, आणि थोपटणं चालू ठेवा. त्यानं पुन्हा शोधलं तर पुन्हा द्या, पुन्हा काढा. पहिल्या रात्री सात-आठ वेळा करावं लागतं. एकदा तरी तो दूध तोंडात नसताना झोपला, की अवघड वळण पार पडलं असं समजा. संध्याकाळी जे जमतं तेच मध्यरात्री जमतं, कारण मध्यरात्री तो संध्याकाळचीच वाट शोधत असतो.

रात्रीच्या जेवणाबद्दल फार काळजी करू नका. मऊ खिचडी-तूप, दुधात कुस्करलेली भाकरी, वरणभात, जे तो एरवी खातो ते पुरतं. रात्रीचं दूध कमी झाल्यावर आठ-दहा दिवसांत दिवसाचं खाणं आपोआप वाढतं. फक्त अंगावरच्या दुधाच्या जागी बाटलीतलं दूध आणू नका. ती सवय मोडायला पुन्हा हाच खटाटोप करावा लागतो, दात किडतात, आणि वरचं दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर गेलं की लोह आणखी कमी होतं. रात्री तहान लागली तर पेल्यात पाणी. झोप लागावी म्हणून जायफळ उगाळून देण्याची पद्धत आपल्याकडे आहे, सर्दीचं औषधही काही जण त्यासाठी देतात. दोन्ही नकोत. जायफळ जास्त झालं तर मुलाला विषबाधा होऊ शकते, आणि उगाळताना ते किती उतरलं हे मोजता येत नाही.

आता प्रत्यक्ष कमी करणं. यासाठी कल्याणच्या एका आईचं उदाहरण सांगते, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून. मुलगी २० महिन्यांची, आई शाळेत शिकवणारी, वन रूम किचन, आजी त्याच खोलीत झोपणारी. वडील दुसऱ्या पाळीला, घरी यायला साडेअकरा. मुलगी साधारण १२:२०, २:१०, ३:४० आणि ५ ला उठायची. आईनं आधी तीन रात्री उशाशी वही ठेवून वेळा आणि मिनिटं लिहिली. हे तुम्हीही करा. थकलेल्या माणसाला 'रात्रभर पीत होती' असं वाटतं, वहीत मात्र सात मिनिटं, अकरा मिनिटं, चार मिनिटं असे आकडे निघतात, आणि कमी करायचं ते आकड्यांतूनच.

आम्ही रात्री ११ ते पहाटे ५ हा काळ निवडला. पाचनंतर पाजायचं, मनसोक्त. पहाटेची झोप तशीही हलकी असते, तिथे भांडण करण्यात अर्थ नाही. हे मुलीला कळावं म्हणून एक छोटा दिवा आणला. दिवसा बाहुलीशी खेळताना आई रोज सांगायची: 'दिवा गेला, दुदू गाई करतं. दिवा लागला, दुदू उठलं.' बाहुली रडायची, आई बाहुलीला थोपटायची, मग दिवा लागायचा आणि बाहुलीला दूध मिळायचं. चौथ्या दिवशी मुलगी स्वतः बाहुलीला थोपटून 'दुदू गाई' म्हणायला लागली. या वयाची मुलं बोलतात त्याच्या कितीतरी पट जास्त त्यांना समजतं. म्हणून दिवसाउजेडी, मूल हसत-खेळत असताना सांगायचं. रात्री दोन वाजता नवी गोष्ट समजावू नये.

मग दर दोन रात्रींनी मिनिटं कमी. सातची पाच, पाचची तीन, तीनचं एक. घड्याळ अंधारात दिसत नाही, म्हणून आईनं अंक म्हणायला सुरुवात केली. पहिल्या रात्री हळूहळू शंभरपर्यंत तीन वेळा, शेवटी शेवटी नुसतं वीसपर्यंत. 'अठरा, एकोणीस, वीस. दुदू गाई.' मग करंगळी, हनुवटीला आधार, हात कानाच्या पाळीवर, थोपटणं. मोजण्याचा फायदा असा की शेवट येतोय हे मुलाला आधी कळतं. अचानक काढून घेतल्याचा राग वेगळा असतो, संपत आल्याची कुरकुर वेगळी. या आठ रात्रींत १२:२० चं उठणं दोनदा आपोआप हुकलं. छातीलाही या वेळात सवय झाली, कारण दूध मागणीप्रमाणेच तयार होतं आणि मागणी हळूहळू उतरत होती.

मग शून्याची पहिली रात्र. आम्ही ती शुक्रवारी धरली, म्हणजे दुसऱ्या दिवशी शाळा नव्हती. वडील तसेही जागे असायचे, म्हणून १२:२० त्यांच्याकडे दिलं. ते आधीचे तीन आठवडे सुट्टीच्या दिवशी दुपारची झोप त्याच अंगाईवर घालत होते, म्हणून त्यांचा हात तिला परका नव्हता. ही तयारी नसेल तर बाबांना पहिल्या रात्री पुढे करू नका, दोघांचेही हाल होतात. मुलगी पस्तीस मिनिटं रडली, वडिलांच्या खांद्यावर, आईकडे हात करून. आई दोन हात अंतरावर पडून होती. तिनं मला नंतर सांगितलं की ती पस्तीस मिनिटं तिनं गोधडी दातांत धरून काढली. वडील एकच वाक्य म्हणत राहिले: 'दुदू गाई करतंय, बाबा आहे.' ३:४० ला आईनं स्वतः घेतलं, वीस मिनिटं रडणं. पाच वाजता दिवा लागला आणि ती पोटभर प्यायली.

दुसरी रात्र जास्त वाईट गेली, पंचेचाळीस मिनिटं. हे बहुतेक घरी होतं आणि इथेच लोक माघार घेतात. पहिल्या रात्री मूल गोंधळलेलं असतं, दुसऱ्या रात्री ते जोर लावून बघतं. तिसऱ्या रात्री पंधरा मिनिटं. चौथ्या रात्री सहा.

इथे मी सगळ्यात आग्रहानं सांगते ती गोष्ट. द्यायचं ठरलं तर पहिल्या मिनिटात द्या. चाळीस मिनिटं रडल्यावर आपण विरघळलो, तर मूल शिकतं की चाळीस मिनिटं रडलं की मिळतं, आणि उद्या ते नेमकं तेवढंच रडेल. त्याच्या रडण्याचे ते सगळे श्रम तुम्ही फुकट घालवलेले असतात. म्हणून जाग आल्याबरोबर मनाशी विचारा: आज त्याचं अंग गरम आहे का? नाक बंद आहे का? मी इतकी थकले आहे का की दहा मिनिटांत हार मानेन? उत्तर 'हो' असेल तर लगेच, प्रेमानं, पोटभर द्या आणि उद्या पुढे चला. यात काही बिघडत नाही. दिव्याचंही तसंच. तो ४:४० ला रडत असताना दिवा लावू नका, नाहीतर रडण्यानं दिवा लागतो असं ठरतं. तो पाच मिनिटं शांत झाला की मग लावा.

'रडू देणं' हा शब्द ऐकून तुम्ही घाबरला आहात, ते साहजिक आहे. पण कुशीत घेऊन, अंगाला अंग लावून, कुणीतरी सोबत असताना रडणं आणि एकट्यानं अंधारात रडणं यात फार फरक आहे. आपण दूध बंद करतोय, जवळीक नाही. त्याला उचला, खांद्यावर घ्या, खिडकीशी उभे राहा, पाणी पाजा. फक्त मोठा दिवा लावू नका आणि नवनव्या युक्त्या काढू नका. दर दोन मिनिटांनी थोपटणं, मग झुलवणं, मग मोबाइल, मग फेरफटका असं केलं की मूल आणखी जागं होतं. पहिल्या रात्रींत तो हात झिडकारेल, पाठ ताठ करेल. तेव्हा थोपटणं थांबवा, नुसतं शेजारी बसा, गुणगुणत राहा, आणि जोर ओसरला की हात परत ठेवा. रडण्याला लाटा असतात. मधली शांतता लांबत गेली, हुंदक्यांमध्ये अंतर पडायला लागलं, तुमच्या गुणगुणण्याकडे तो क्षणभर कान देतो असं दिसलं, तर तो शांत व्हायच्या वाटेवर आहे.

थांबायचं कधी, हेही सांगते. तीन रात्रींनंतरही रडणं मिनिटभरानंही कमी होत नसेल, उलट्या होईपर्यंत रडत असेल, दिवसाही तुम्हाला क्षणभर सोडत नसेल, आजीकडे जायला नकार देत असेल, खाणं घटलं असेल, तर एक पायरी मागे या. शून्यावरून वीसच्या मोजणीवर, किंवा त्याही मागे, पुन्हा दहा दिवस नुसती भर घालायची. मागे येणं म्हणजे हरणं नाही, त्याचं वय एक महिन्यानं वाढलं की तेच काम निम्म्या त्रासात होतं. काही मुलांच्या बाबतीत मी दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगितलं आहे. जागतिक आरोग्य संघटनाही दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजायला सांगते, म्हणजे वेळ टळून जात नाहीये.

सासूबाईंशी आधी बोला, रात्री दोन वाजता नाही. त्यांना वाटणारच की पोराला उगाच रडवतायत. कल्याणच्या आजींना आम्ही एक काम दिलं: दुपारी त्याच अंगाईवर, त्याच गोधडीच्या तुकड्यासह झोपवणं. ज्या आजीच्या हातावर मूल दूध न पिता झोपतं, तिला ते रात्रीही जमेल यावर विश्वास बसतो. दुपारची झोप तुमच्या सासूबाईंकडे नक्कीच दुधाशिवाय लागत असणार. त्या कसं झोपवतात ते त्यांना नीट विचारा, आणि तीच पद्धत रात्रीसाठी उचला. तुमच्या घरात ती तयार आहे, फक्त तुमच्या हाताला शिकायची आहे.

तुमच्या स्वतःकडेही लक्ष असू द्या. शून्याच्या पहिल्या तीन-चार रात्री छाती भरून येईल. दुखेल इतकी भरली तर हातानं थोडंसंच काढा, दोन-तीन मिनिटं, ताण जाईपर्यंत. पूर्ण रिकामी केली तर शरीर तेवढंच पुन्हा तयार करतं. गार पाण्याच्या घड्या ठेवा, घट्ट बांधू नका, सकाळी पाचला त्याला जास्त भरलेल्या बाजूनं आधी द्या. एका जागी लाल, गरम, दुखरा पट्टा दिसला आणि थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. त्या काळातही पाजणं थांबवायचं नसतं. आणि पाळी अजून सुरू झाली नसेल तर रात्रीचं पाजणं थांबल्यावर ती लवकर येऊ शकते, पाळी यायच्या आधीही दिवस राहू शकतात. पाजतेय म्हणून राहणार नाही हा भरवसा बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर धरायचा नसतोच.

त्या मुलीला नवव्या रात्री सर्दी-ताप आला, १०१ पर्यंत. आईनं तीन रात्री मागेल तेव्हा, पहिल्या मिनिटात पाजलं. तिला वाटलं सगळं पाण्यात गेलं. ताप उतरल्यावर दिवसा पुन्हा बाहुलीचा खेळ झाला, दिवा दाखवला, आणि त्या रात्री वीस मिनिटं कुरकुर झाली. दुसऱ्या रात्री पाच. पाचव्या आठवड्यात आईनं मला एका पहाटे लिहिलं: मुलगी दोनला उठली, अंधारात आईची कानाची पाळी चाचपली, 'दुदू गाई' असं पुटपुटली, आणि स्वतःच्याच पोटावर हात आपटत झोपून गेली. पाचला दिवा लागला तेव्हा तिला उठवावं लागलं.